आमची वाटचाल : स्वल्पविराम, मोकळी जागा आणि ताळेबंद

२०११ साली सदाशिव पेठेतल्या एका खोलीत मी कामाला सुरुवात केली. दोघीच होतो. मी रानडेत फ्रेंच शिकलेली, आणि सीए इंटरपर्यंत जाऊन थांबलेली माझी मावसबहीण. फ्रेंच कंपन्यांचे ताळेबंद इंग्रजीत करून द्यायचे हे काम आपल्याला जमेल असं वाटायचं कारण साधं होतं: शब्द ठरलेले असतात, आणि आकडे तर काय, जसेच्या तसे उतरवायचे!

पहिल्याच मोठ्या कामाने हा भ्रम उतरवला. लियाँजवळच्या एका कारखान्याचा ताळेबंद लंडनच्या एका ऑडिटरसाठी करायचा होता. फ्रेंच पद्धतीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजारांच्या गटांमध्ये मोकळी जागा, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही आकडे एक्सेलमध्ये टाकले, बेरजा जुळवल्या, पीडीएफ पाठवली. दुसऱ्या दिवशी विचारणा आली: २१,४५,३०० हा आकडा काय आहे, एखादा अंक गळालाय का? काही गळालं नव्हतं. आमच्या संगणकाची सेटिंग भारताची, त्यामुळे एक्सेलने इमानेइतबारे लाखाचा स्वल्पविराम दिला होता. आमच्या डोळ्यांना तो इतका सवयीचा की दोघींपैकी कुणालाच खटकला नाही. तेव्हापासून अंतिम फाइल आम्ही ब्रिटन किंवा अमेरिकेची सेटिंग असलेल्या संगणकावरूनच काढतो.

तो चुकीचा आकडा निदान दिसला तरी. न दिसणारी चूक पुढच्या वर्षी झाली. कर्जांच्या तक्त्यात व्याजदराचा रकाना होता. शीर्षकात टक्क्याची खूण, खाली नुसते आकडे: ३,२५०, मग १,६२५. म्हणजे सव्वातीन टक्के आणि एक पूर्णांक सहाशे पंचवीस हजारांश टक्के. फ्रेंच कागदात दर असे तीन दशांश स्थळांपर्यंत सर्रास येतात. एक्सेलमध्ये चिकटवल्याबरोबर त्याने ते तीन हजार दोनशे पन्नास म्हणून घेतले. ना लाल रंग, ना इशारा. आकडा उजवीकडे चिकटून शहाण्यासारखा बसला. मावसबहिणीने ओरडून विचारलं, "ताई, हे कर्ज सावकाराचं आहे का गं?" म्हणून वाचलो. व्याजदरांची बेरीज कोणी करत नाही, त्यामुळे ताळा घेऊनही हे सापडलं नसतं.

उलट मोठे आकडे एक्सेल ओळखतच नाही. छापील फ्रेंच आकड्यांतली मोकळी जागा म्हणजे स्पेसबारची साधी जागा नव्हे. ओळीच्या शेवटी आकडा तुटू नये म्हणून न तुटणारी जागा वापरतात, कधी नेहमीच्या रुंदीची, कधी अरुंद. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारख्याच. अशी जागा असलेला आकडा एक्सेलला मजकूर वाटतो, तो डावीकडे सरकतो, आणि बेरजेच्या सूत्रात तो गुपचूप वगळला जातो. बेरीज कमी आली तर आम्ही आधी डावीकडे सरकलेले आकडे शोधतो.

यावर आमचा उपाय असा: रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मगच चिकटवायचं, म्हणजे ३,२५० चं परस्पर काही होत नाही. शेजारच्या रकान्यात हे सूत्र:

```
=NUMBERVALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(8239),""),UNICHAR(160),""),",",".")
```

आतले दोन भाग अरुंद आणि रुंद न तुटणाऱ्या जागा काढतात. साध्या जागा सूत्र स्वतःच दुर्लक्षित करतं. शेवटी सांगितलंय की दशांशखूण स्वल्पविराम आहे. एक खोड मात्र आहे: रिकाम्या खान्याचं ते शून्य करतं. ताळेबंदात रिकामी जागा आणि शून्य यांत फरक असू शकतो, म्हणून रिकामे खाने आम्ही हाताने परत रिकामे करतो. शोधा-बदला करून हे काम करणाऱ्यांना एवढंच सांगेन की क्रम चुकवू नका. आधी जागांचे स्वल्पविराम केलेत आणि मग स्वल्पविरामांचे टिंब, तर सगळ्याचंच टिंब होतं.

पीडीएफमधून मजकूर काढला की रकान्यांमधलं अंतरही नाहीसं होतं, आणि तेव्हा खरी मजा येते. इमारतींची ही ओळ बघा:

```
Constructions 2 145 300 812 400 1 332 900
```

यात तीन आकडे आहेत: मूळ किंमत, घसारा आणि निव्वळ किंमत. कुठे तोडायचं? एक धागा लगेच हाती लागतो. तीनपेक्षा कमी अंकांचा गट आकड्याच्या सुरुवातीलाच येऊ शकतो, म्हणजे एकटा १ नवा आकडा सुरू करतो. निव्वळ किंमत १३,३२,९०० ठरली (आपल्या पद्धतीने लिहिली बरं का). उरलेले गट कुठे तोडायचे याचं उत्तर वजाबाकी देते: २१,४५,३०० उणे ८,१२,४०० बरोबर १३,३२,९००. दुसरीकडे कुठेही तोडलं तर जुळत नाही. इंग्रजीत हे तीन आकडे `2,145,300`, `812,400` आणि `1,332,900` असे जातात. हे तोडकाम मावसबहिणीकडे. मला शब्दांची घाई असते.

प्रत्येक मोकळ्या जागेत स्वल्पविराम घालायचा नाही, हेही शिकावं लागलं. फ्रेंच कंपनीचा नोंदणी क्रमांक नऊ अंकी असतो आणि तीन-तीनच्या गटांत लिहितात. एका नव्या मुलाने उत्साहात त्याचे कोटी करून टाकले. तो क्रमांक म्हणजे रक्कम नव्हे, त्याला हात लावायचा नाही.

तारखांच्या बाबतीत आमचं फ्रेंच मंडळींशी इतकं जमतं की तीच अडचण झाली. दिवस आधी, महिना नंतर, त्यांच्यासारखंच आपलंही. त्यामुळे कर्जफेडीची ०५/०४/२०१८ ही तारीख आम्हाला पाच एप्रिल म्हणून अगदी बरोबर दिसली आणि तशीच राहिली. वाचणारा अमेरिकन होता, त्याने चार मे वाचलं. ३०/०६ कुणी चुकीचं वाचत नाही, कारण तिसावा महिना नसतो. घोटाळा बारापर्यंतच्या दिवसांचा. आता इंग्रजीत महिना कायम अक्षरांत: ब्रिटनला `5 April 2018`, अमेरिकेला `April 5, 2018`. कोणासाठी काम आहे ते पहिल्याच मेलमध्ये विचारतो.

वेळेचंही तेच. रेल्वेच्या टाइमटेबलवर वाढलेल्या माणसाला चोवीस तासांची वेळ बोचत नाही. `14 h 30` ची सभा `2:30 p.m.` होते, तिथपर्यंत सोपं. बाराच्या आसपास लोक गोंधळतात: `12 h 15` ही दुपार, म्हणजे `12:15 p.m.`, आणि `0 h 15` ही मध्यरात्रीनंतरची, `12:15 a.m.`. शेअर्सच्या मूल्यांकनाच्या टिपणात पॅरिसच्या बाजाराची बंद होतानाची किंमत `17 h 35` अशा वेळेसह आली, तर आम्ही `5:35 p.m.` लिहून पुढे 'पॅरिसची वेळ' असं जोडतो. न्यूयॉर्कची वेळ काढून देत नाही. लेखनपद्धत बदलायची असते, घड्याळ नाही, आणि एकदा का आपण तास वजा करायला लागलो की उन्हाळी वेळेचा हिशोब आपल्या गळ्यात.

सुरुवातीला आम्ही शब्दांवर पैसे घ्यायचो आणि आकडे फुकट जायचे. २०१६ पासून तक्त्यांचा दर ताशी वेगळा लावतो. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं त्यावर कुरकुरली. त्यांना मी वरची इमारतींची ओळ पाठवली आणि विचारलं, सांगा, कुठे तोडाल?