मथळ्यातली शिक्षिका

मॅडम थेट डेस्कवर आल्या. हातात आमच्याच पेपरचं कात्रण, मागे गोंधळलेला वॉचमन. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि एकच विचारलं, "साहेब, मी कधी लाच घेतली?"

मथळा असा होता:

शाळेच्या फाटकात
लाच घेणाऱ्या शिक्षिकेच्या
पतीला अटक

बातमी बिनचूक होती. लाच पतीने घेतली होती. ते एका कार्यालयात लिपिक. तक्रारदाराला त्यांनी पत्नीच्या शाळेबाहेर बोलावलं आणि तिथेच सापळ्यात अडकले. मॅडम त्या वेळी वर्गात शिकवत होत्या. बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कितीजण जातात? शाळेच्या स्टाफरूममध्ये तरी कोणी गेलं नव्हतं.

मथळा रात्रपाळीच्या उपसंपादकाने दिला होता. त्याला बोलावलं तर तो म्हणाला, "वाक्य बरोबर आहे. लाच घेणाऱ्या पतीला असंच मी लिहिलंय." हे मला अजून सतावतं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मॅडमनी वाचलेलं वाक्यही तितकंच बरोबर होतं. शब्द तेच, क्रम तोच, व्याकरणाची चूक कुठेच नाही.

वाद मिटेना तेव्हा मी पानाची डमी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन झाडं काढली. भाषाविज्ञान शिकताना वाक्याची अशी झाडं खूप काढली होती. कोणता शब्द आधी कोणाशी जोडला जातो आणि ती जोडी पुढे कोणाला जाऊन मिळते, एवढंच त्यात दाखवायचं असतं. फांद्यांऐवजी कंस घातले तरी चालतं:

[[[लाच घेणाऱ्या] शिक्षिकेच्या] पतीला]
[[लाच घेणाऱ्या] [शिक्षिकेच्या पतीला]]

पहिल्या झाडात "लाच घेणाऱ्या" आधी शिक्षिकेला चिकटतं आणि मग ती सगळी फांदी पतीला जाऊन मिळते. दुसऱ्यात "शिक्षिकेच्या पतीला" हा गट आधी तयार होतो आणि "लाच घेणाऱ्या" त्या अख्ख्या गटाचं विशेषण होतं. रात्री दुसरं झाड डोक्यात ठेवून मथळा लिहिला गेला आणि सकाळी पहिलं वाचलं गेलं.

"शाळेच्या फाटकात" हे शब्दही दोन ठिकाणी बसतात: लाच फाटकात घेतली, किंवा अटक फाटकात झाली. म्हणजे एकूण झाडं चार. पण दोन्ही गोष्टी फाटकातच घडल्या होत्या, त्यामुळे या दुसऱ्या संदिग्धतेने कोणाचं नुकसान झालं नाही. अशा निरुपद्रवी जागा रोजच्या पेपरात भरपूर असतात आणि त्या शोधत बसलो तर पान सुटणारच नाही.

आता मराठीने इथे नेमकं काय केलं ते बघा. "लाच घेणारा पती" आणि "लाच घेणारी शिक्षिका" यांत लिंग स्पष्ट दिसतं. पण नामाला प्रत्यय लागून त्याचं सामान्यरूप झालं की विशेषणही बदलतं, आणि घेणारा, घेणारी, घेणारे या सगळ्यांचं "घेणाऱ्या" होतं. आपल्या मथळ्यात "शिक्षिकेच्या" सामान्यरूपात आणि "पतीला"ही सामान्यरूपात. ज्या खुणेवरून वाचकाला झाड ओळखता आलं असतं, ती "ला"ने पुसून टाकली. तो "ला" काढा:

लाच घेणारा शिक्षिकेचा पती अटकेत
लाच घेणाऱ्या शिक्षिकेचा पती अटकेत

लगेच दोन वेगळे मथळे झाले आणि प्रत्येकाचं झाड एकच. "घेणारा" शिक्षिकेला चिकटू शकत नाही, "घेणाऱ्या" पतीला चिकटू शकत नाही. "अटक"चं "अटकेत" केलं की जागाही फारशी वाढत नाही. डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवायला हवं, पण आपल्याकडे शिकवतात फक्त मथळ्यात किती अक्षरं बसतात ते.

शब्द हलवूनही काम होतं: "शिक्षिकेच्या लाच घेणाऱ्या पतीला अटक". इथे "शिक्षिकेच्या" लाचेला जोडता येत नाही, कारण मग "शिक्षिकेची लाच" म्हणावं लागलं असतं. कानाला जरा खडबडीत लागतं, पण अर्थ पक्का.

संपादकांनी तिसराच पर्याय सुचवला: "लाच घेताना शिक्षिकेच्या पतीला पोलिसांनी पकडले". मी नको म्हटलं. "घेताना"ला लिंगवचनाची खूणच नसते. घेणारा कोण हे तिथे लिहिलेलं नसतं, वाचक तो पुढच्या वाक्यातून उचलतो आणि बहुतेकदा कर्त्यालाच धरतो. इथे कर्ता पोलीस. ही अडचण फांद्यांच्या झाडात दिसतसुद्धा नाही, कारण झाड एकच असतं, त्यातली एक जागा तेवढी रिकामी असते.

मॅडम हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी जे विचारलं ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं: "दोन्ही अर्थ निघतात ना? मग सगळ्यांनी एकच कसा घेतला?"

१९८८ साली क्वेटोस आणि मिचेल या संशोधकांनी असाच प्रश्न घेतला होता. त्यांचं प्रसिद्ध वाक्य मराठीत असं होईल: बाल्कनीत उभ्या असलेल्या नटीच्या मोलकरणीवर कोणीतरी गोळी झाडली. बाल्कनीत कोण? इंग्रजी वाचकांचा कल नटीकडे होता, स्पॅनिश वाचकांचा मोलकरणीकडे. म्हणजे वाचकाची ओढ भाषेगणिक बदलू शकते. पण त्या दोन्ही भाषांत वर्णन नामांच्या मागून येतं. मराठीत ते आधी येतं. "लाच घेणाऱ्या" वाचून झालं की पुढे पहिली भेटते ती शिक्षिका, आणि पती अजून आलेलाच नसतो. वाचक जोडून मोकळा होतो. त्यात आधी शाळेचं फाटक येऊन गेलेलं, म्हणजे शिक्षिकेसाठी जागा तयारच. आणि ओळ कुठे तुटली तेही बघा: "लाच घेणाऱ्या शिक्षिकेच्या" एका ओळीत, पती खालच्या ओळीत. बोलताना आपण "घेणाऱ्या"नंतर क्षणभर थांबून अर्थ वाचवतो. छापील मथळ्यात थांबण्याची जागा म्हणजे ओळीचा शेवट, आणि तो चुकीच्या झाडाच्या बाजूने पडला. ओळ पान लावणाऱ्याने तोडली होती, कॉलमात मावावी म्हणून.

यातल्या कशाने किती केलं ते मला वेगळं काढता येत नाही. तोच मथळा एका ओळीत छापला असता तर?

खुलासा त्याच दिवशी लिहिला गेला. त्याचं शीर्षक माझ्याकडे आलं: "लाच घेणाऱ्या शिक्षिकेच्या पतीच्या वृत्ताबाबत खुलासा". सगळी नामं पुन्हा सामान्यरूपात, शिवाय वर आणखी एक "च्या". आता दोघांबरोबर वृत्तही "लाच घेणाऱ्या"च्या रांगेत. लिहिणाऱ्याने समोरची झाडं पाहिली होती, तरीही! मी शीर्षक बदललं: "लाचप्रकरणी लिपिकाला अटक, शिक्षिकेचा संबंध नाही".

मॅडमनी ते वाचलं आणि पेन मागितलं. स्वल्पविरामापुढचा भाग खोडून त्या म्हणाल्या, "मुळात मी या मथळ्यात कशाला?"

याचं उत्तर झाडात नव्हतं. आरोपी पुरुष असला तरी मथळ्यात बायको ओढायची ही डेस्कची जुनी खोड आहे आणि ती कोणत्याही सामान्यरूपाने आलेली नाही. पण त्यांच्यावरचा आळ निघायचा असेल तर खुलाशात त्यांचा उल्लेख लागणारच होता. तो भाग ठेवावा की काढावा यावर आम्ही दोघं पान सुटेपर्यंत बोलत होतो. शेवटी शीर्षकात नुसतं "लाचप्रकरणी लिपिकाला अटक : खुलासा" गेलं आणि त्या वर्गात होत्या हे मजकुराच्या पहिल्या वाक्यात.