सोफा मागवण्याआधी घेतलेली मापे

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, त्यामुळे ऑनलाइन सोफा मागवण्यापूर्वी तो तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न मी सर्वांत आधी सोडवला. कंपनीने चाचणीची मुदत दिली होती. परंतु अटी वाचल्यावर लक्षात आले की ही मुदत बसून पाहण्यासाठी आहे, आणि सोफा दारातून आत गेला नाही तर तो दोष मानला जाणार नाही, उलट नेण्या-आणण्याचा खर्च ग्राहकावर पडेल.

आमच्या दाराच्या चौकटीचे आतले माप ३४ इंच आहे, पण दार आणि सेफ्टी डोअर पूर्ण उघडल्यावर त्यांची जाडी आणि कडी धरून मोकळी जागा ३१ इंचच उरते. हिशेब याच मापावर करायला हवा. उंची ८१ इंच. निवडलेला सोफा ७८ इंच लांब, ३६ इंच खोल आणि ३३ इंच उंच होता, म्हणजे खोली आणि उंची दोन्ही दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा जास्त. शिवाय दारासमोरचा पॅसेज जेमतेम चार फुटांचा असल्यामुळे लांबलचक वस्तू सरळ आत ढकलता येत नाही.

उत्तर सोफ्याच्या पायांत सापडले. पाय ५ इंचांचे होते आणि ते स्क्रूने निघतात का, हे वेबसाइटवर कुठेच लिहिलेले नव्हते, म्हणून मी कंपनीला ई-मेल करून लेखी होकार घेतला. पाय काढल्यावर उंची २८ इंच होते. सोफा हात टेकवायच्या बाजूवर उभा केला की ७८ इंच लांबी दाराच्या उंचीत मावते आणि २८ इंचांची बाजू ३१ इंचांतून जाते. खोक्यामुळे मात्र प्रत्येक बाजूला जाडी वाढते, म्हणून खोके दाराबाहेरच उघडायचे, असे मी डिलिव्हरीच्या माणसांना आधीच सांगून ठेवले. जिन्याच्या प्रत्येक वळणावरची रुंदी आणि छताची उंचीही याच वेळी मोजली.

हॉलमध्ये ७८ बाय ३६ इंचांच्या जागेवर जुनी वर्तमानपत्रे अंथरून ती तशीच राहू दिली. त्यामुळे बाल्कनीचे दार पूर्ण उघडत नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच कळले आणि सोफ्याची जागा समोरच्या भिंतीकडे सरकवली.

सोफा ठरल्याप्रमाणे आत आला. त्यानंतर चाचणीची मुदत आईसाठी वापरली, कारण बैठक खोल असल्याने तिची पाठ टेकली की पावले जमिनीवरून उचलली जात होती. पाठीशी जाड उशी ठेवल्यावर ही अडचण दूर झाली. ती रोज दुपारी तिथे बसून वाचू लागल्यावरच आम्ही सोफा ठेवायचे ठरवले. तोपर्यंत खोके घडी करून माळ्यावर ठेवले होते आणि सोफ्यावर चादर घातली होती, कारण परत घेताना डाग नसावा आणि मूळ पॅकिंग असावे, अशी अट होती.