बिलापेक्षा मोठी बचत

फोंड्यातल्या मुलींच्या होस्टेलची मी वॉर्डन. गीझरच्या वेळा बदलल्याची नोटीस मी रात्री लावली आणि सकाळी नाश्त्यालाच माझी विकेट गेली.

पंचवीस लिटरचे, दोन किलोवॅटचे आठ गीझर, मुली 48. आधी पहाटे 5 ते 10 आणि संध्याकाळी 6 ते 10 चालायचे. नवी वेळ साडेपाच ते 8 आणि साडेसहा ते साडेआठ. म्हणजे रोज साडेचार तास वाचले. गुणिले दोन किलोवॅट, गुणिले आठ गीझर, म्हणजे 72 युनिट. महिन्याला 2160. आमच्या बिलात सगळं धरून युनिटला सहा रुपये पडतात, म्हणून "प्रत्येकीची बचत 270 रुपये" असं मी लाल पेनाने अधोरेखितही केलं होतं.

इलेक्ट्रिकल डिप्लोमाची एक मुलगी चहाचा कप घेऊन आली. "मॅडम, आपलं अख्खं बिल किती युनिटचं येतं?"

फाइल काढली. 1900.

"मग 2160 वाचणार कुठून?"

मी नोटीस काढून खिशात घातली.

तिने मला न्हाणीघरात नेऊन गीझरचा लाल दिवा दाखवला. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. आपल्याकडचं नळाचं पाणी 27 अंशांच्या आसपास, ते 60 पर्यंत न्यायला भरलेल्या टाकीला एक युनिट आणि अर्धा तास पुरतो. पुढे बटण चालू असलं तरी दिवा अधूनमधून काही मिनिटंच पेटतो. मी मात्र तो नऊ तास अखंड पेटता धरला होता.

"मग वेळ बदलून फायदाच नाही?" मी जरा चिडूनच विचारलं.

फायदा होता, पण भलत्या जागी. शेवटची मुलगी न्हाऊन गेली की टाकीत थंड पाणी भरतं, ते गीझर इमानाने तापवतो, आणि ते कोणी न वापरता संध्याकाळपर्यंत निवत बसतं. शेवटच्या आंघोळीच्या सुमारास बटण बंद केलं तरच ते वाचतं.

वायरमनकडून गीझरच्या लाइनवर वेगळा मीटर बसवला. जुन्या वेळेचा आठवडा 238 युनिट, नव्याचा 203. रोजचे पाच, महिन्याचे 150 युनिट, 900 रुपये. डोईमागे पावणेएकोणीस. हे एकाच आठवड्याच्या फरकावरून काढलंय. पावसात नळाचं पाणी गार येतं, तेव्हा दोन्ही आकडे चढतील, हेही नव्या नोटिशीत लिहिलं.

"पावणेएकोणीस रुपयांसाठी आठच्या आत न्हायचं?" असा गलका झालाच. मी सांगितलं, बटण आठला बंद होतं, पाणी नाही. तापलेली टाकी तासाला दोनेक अंशच उतरते. सव्वाआठला येणारीलाही बादलीभर गरम पाणी मिळतं, फक्त तिच्या मागून येणारीला मिळेलच असं नाही.

त्या दिवसापासून सव्वाआठच्या बादलीवरून भांडणं सुरू झाली आहेत.