एका ‘असतं’ची जर्मनमध्ये दोन रूपे

जर्मनीत आलेल्या मराठी माणसाला इथल्या भाषेतील लिंगांचा आणि विभक्तींचा धाक असतो, पण माझ्या मते त्याहून फसवी जागा संकेतार्थाची, म्हणजे ‘असं असतं तर तसं झालं असतं’ या रूपाची आहे. तिथे वाक्य व्याकरणाला धरून असते, ऐकणाऱ्याला ते समजतेही, आणि तरीही बोलणाऱ्याला जे सांगायचे असते ते पोहोचत नाही.

गेल्या हिवाळ्यात लाइपझिगमध्ये नव्यानेच आलेल्या माझ्या एका पुणेकर मित्राने एक जुने कपाट विकत घेतले. ते अजून विकणाऱ्याच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि मित्राच्या शेजारच्या आजोबांकडे मोठी गाडी होती. जिन्यात भेट झाली तेव्हा मित्राच्या मनातले मराठी वाक्य असे होते: ‘माझ्याकडे गाडी असती तर मी कपाट आणलं असतं.’ त्याने ते जसेच्या तसे जर्मनमध्ये सांगितले: ‘वेन इश आइन आउटो गेहाप्ट हेटं, हेटं इश डेन श्रांक गेहोल्ट.’ आजोबांनी हळहळ व्यक्त केली आणि ते वर निघून गेले. कपाट आणायची वेळ टळली, बहुधा ते दुसऱ्या कुणाला मिळाले, असे त्यांनी धरले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ‘वेन एर आइन आउटो हेटं, व्युर्डं एर डेन श्रांक होलन’ एवढेच म्हटले, तेव्हा त्यांनी लगेच कपाटाची उंची विचारली आणि शनिवारी गाडी काढली.

दोन्ही जर्मन वाक्यांचे मराठी भाषांतर एकच होते, आणि घोळ नेमका तिथेच आहे. जर्मन भाषा प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टीचेही दोन काळ मानते. आज नसलेल्या गोष्टीसाठी ती भूतकाळाचे रूप घेऊन त्याचा स्वर बदलते (‘हाटं’चे ‘हेटं’, ‘वार’चे ‘वेरं’), किंवा ‘व्युर्डं’ला मूळ क्रियापद जोडते, होऊन न गेलेल्या, कायमच्या हुकलेल्या गोष्टीसाठी मात्र ‘हेटं’ किंवा ‘वेरं’ यांच्यासोबत ‘गेहोल्ट’सारखे भूतकृदंत लागते. मराठीत ‘आणलं असतं’ हे एकच रूप दोन्हीकडे चालते. ‘काल तू आला असतास तर भेट झाली असती’ हे जितके सहज, तितकेच ‘आज सुट्टी असती तर आपण बाहेर गेलो असतो’ हेही सहज आहे, आणि ‘तो उद्या आला असता तर बरं झालं असतं’ हे वाक्यही कानाला खटकत नाही; तो उद्या येणार नाही, हे आपण त्यातून बरोबर ओळखतो. काळ सांगण्याचे काम काल, आज, उद्या हे शब्द करतात, आणि क्रियापद फक्त ‘हे घडलेले नाही किंवा घडायचे नाही’ एवढे सांगते.

ही मराठीची उणीव आहे, असे मला मुळीच वाटत नाही. संस्कृतातील याच अर्थाच्या क्रियारूपाविषयी, म्हणजे लृङ् लकाराविषयी, पाणिनीने ‘लिङ्निमित्ते लृङ् क्रियातिपत्तौ’ हे सूत्र दिले ते भविष्यकाळासाठी, आणि लगेच पुढच्या ‘भूते च’ या सूत्राने तेच रूप भूतकाळालाही लावले. म्हणजे क्रिया निष्पन्न न होणे ही मुख्य गोष्ट, काळ नंतरचा. ‘सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्’, म्हणजे चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता, या पाठ्यपुस्तकी उदाहरणातला पाऊस गेल्या वर्षीचा की येणारा, हे संदर्भावरूनच कळते. मराठीत लृङ् टिकला नाही आणि ‘असता’ची घडण वेगळी आहे, तरी विचार करण्याची ही रीत मात्र आपल्याला परकी नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो: जर्मन वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्यात मनातल्या मनात ‘तेव्हा’ किंवा ‘आत्ता’ घालून पाहा. ‘आत्ता’ बसत असेल तर कृदंताला हात लावू नका, कारण कृदंत आले की जर्मन माणूस विषय संपला असे समजतो आणि मदत करायला पुढे येत नाही.

या रूपांवरून ‘ते घडलेलेच नाही’ असा निष्कर्ष काढण्यालाही मर्यादा आहे. तत्त्वज्ञ ॲलन रॉस अँडरसन यांनी 1951 मध्ये ती दाखवून दिली. त्यांचे उदाहरण आर्सेनिकचे होते, आपण गोवराचे घेऊ. ‘मुलाला गोवर झाला असता तर नेमकं असंच पुरळ आलं असतं’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा ते गोवर नाकारत नसतात, उलट त्याच्याकडे बोट दाखवत असतात. मराठीतही आणि जर्मनमध्येही हे वाक्य असेच चालते.

बेकरीत तर ‘हेटं’ रोजच ऐकू येते. ‘इश हेटं गेर्न त्स्वाय ब्र्योटशन’ म्हणजे मला दोन छोटे पाव हवे आहेत. तिथे हुकलेले काहीच नसते, क्रियापद वास्तवापासून थोडे दूर सरकवून मागणी सौम्य केलेली असते. आपण पाहुण्यांच्या घरी ‘जरा पाणी हवं होतं’ म्हणतो, तेव्हा भूतकाळाकडून हेच काम करून घेतो.