साठ सिस्टर आणि एक फॉर्म

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मला आमच्या हॉस्पिटलातल्या साठ सिस्टरांची मतं हवी होती. विषय साधा होता: ड्युटी बदलताना ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवताना, कोणती माहिती राहून जाते. मेट्रन मॅडमची परवानगी मिळाली आणि मी व्हॉट्सॲपवर लिंक टाकली. "कृपया सर्वांनी फॉर्म भरून सहकार्य करावे, फक्त ५ मिनिटे लागतील." आठवड्यात उत्तरं आली चार. त्यातली दोन माझ्या मैत्रिणींची.

मग मावसबहिणीला बसवलं. तीही स्टाफ नर्स आहे, पण दुसऱ्या हॉस्पिटलात. तिच्या हातात तिचाच फोन दिला आणि मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं! मला पाच लागली होती, कारण प्रश्न मीच लिहिले होते. शिवाय मी लॅपटॉपवर भरला होता. ती अडत होती ती "सविस्तर लिहा" वाल्या चार प्रश्नांवर. फोनवर मराठी टाइप करताना प्रत्येक ओळीला ती वैतागत होती. पाच मिनिटं म्हणून उघडलेला फॉर्म आठव्या मिनिटाला संपत नसेल तर कोण थांबेल? आणि अर्धवट सोडलेला फॉर्म आपल्याला दिसतही नाही, 'सबमिट' दाबलेलेच तेवढे मोजले जातात. म्हणजे किती जणी मध्येच उठून गेल्या हे कळायला मार्गच नव्हता.

सविस्तरपैकी एकच प्रश्न ठेवला, तोही ऐच्छिक. बाकी बारा प्रश्न टिक करायचे. आणखी दोघींकडून भरून घेतला तर सहा ते सात मिनिटं लागली. 'एका व्यक्तीला एकच उत्तर' ही सेटिंगही काढली. तिच्यामुळे फॉर्म गूगल अकाउंटचं लॉगिन मागत होता, आणि त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की नाव मेट्रनकडे जाणार.

शनिवारी नवा मेसेज टाकला:

"सिस्टर, ओव्हर देताना काय राहून जातं यावर माझा प्रबंध आहे. १२ टिकचे प्रश्न, फोनवर ६-७ मिनिटं. नाव विचारलेलं नाही. फॉर्म गुरुवारी रात्री ९ ला बंद होईल, शुक्रवारी मी मोजणीला बसणार. काय निघालं ते वॉर्ड मीटिंगमध्ये आधी तुम्हालाच सांगेन."

गुरुवार ठरवला कारण नाइटवाल्यांनाही मध्ये एक ऑफ मिळतो. पंधरा दिवस दिले असते तर 'बघू नंतर' म्हणून सगळ्या विसरल्या असत्या. आठवण एकदाच केली, बुधवारी संध्याकाळी, "उद्या ९ ला बंद" एवढीच.

अडतीस आले. वॉर्डनिहाय पाहिलं तर आयसीयूच्या चौदापैकी फक्त चार. ओव्हरमधली चूक जिथे सगळ्यात महागात पडते, तीच जागा रिकामी! तिथे सहा-सात मिनिटंही खरोखर नसतात. मग छापील कागद घेऊन दुपारी पावणेदोनला चहाच्या टेबलापाशी उभी राहिले. तीन दिवसांत आणखी सहा मिळाले. एकीने मागच्या बाजूला लिहिलं होतं: "ड्रिप किती वाजता लावली, हे कुणीच सांगत नाही."