गमबुटाच्या तोंडाशी

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस माझी चार वर्षांची मुलगी बालवाडीतून घरी आली, पडवीत बसली आणि तिने उजवा गमबूट उलटा केला, तेव्हा त्यातून अर्धा पेला पाणी आणि जांभळाची एक बी बाहेर पडली. बूट नवा होता आणि अंगातला रेनसूटही नवाच होता. ‘बूट फुटका दिसतोय,’ असा निकाल घरातून तात्काळ लागला. गुहागरच्या बाजूला आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वस्तूंना दोष देण्याचाही मोसम सुरू होतो. तरीही मी तो बूट वाळवला, काठोकाठ पाण्याने भरला आणि कोऱ्या वर्तमानपत्रावर तासभर उभा ठेवला. कागद कोरडा राहिला. म्हणजे पाणी खालून शिरले नव्हते, ते वरून, बुटाच्या तोंडातून आले होते.

पुढच्या दिवशी तिला तयार होताना पाहिले आणि कारण समोरच दिसले. रेनसूटची पॅंट तिने नीटनेटकेपणाने बुटात खोचली होती. आपणही साडीची किंवा सलवारची कड बुटात खोचतोच, त्यामुळे ते मला कधी खटकले नव्हते. पण पॅंटच्या कापडावरून ओघळणारे सगळे पाणी अशा वेळी थेट बुटात उतरते आणि पॅंट म्हणजे पाणी ओतायचे नरसाळेच होऊन बसते. कोकणातला पाऊस समुद्राकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि मांड्या, गुडघे भिजवतो, त्यामुळे शाळेच्या पंधरा मिनिटांच्या वाटेत अर्धा पेला जमणे काही अवघड नाही.

पॅंट बुटावरून सोडावी हे उत्तर सोपे आहे, पण ते मुलाला स्वतः जमले पाहिजे, कारण बालवाडीत वीसेक मुले एकाच वेळी सुटतात आणि बाईंचे हात दोनच असतात. बूट घालायला सोपा हवा तर त्याचे तोंड रुंद हवे, आणि तोंड रुंद असले की पाणी शिरायला तितकीच जागा होते. ही अडचण एकटा बूट सोडवू शकत नाही, बूट आणि पॅंट मिळून सोडवतात. म्हणून मी यंदा रुंद तोंडाचा, पोटरीच्या मध्याच्याही खाली संपणारा आणि दोन्ही बाजूंना हाताची चार बोटे जातील अशा कड्या असलेला बूट निवडला, आणि ज्या पॅंटच्या तळाशी पायाखालून अडकवायची इलॅस्टिकची पट्टी असते अशी पॅंट त्याच्याबरोबर घेतली. ती पट्टी बुटाच्या तळव्याखाली, टाचेच्या अलीकडच्या खाचेत बसली की मूल चिखलात बसले किंवा उकिडवे झाले तरी पॅंट वर सरकत नाही.

क्रम मात्र शिकवावा लागला. पायरीवर बसून आधी पॅंट गुडघ्यापर्यंत ओढायची, मग दोन्ही कड्या धरून बूट चढवायचे, मग पॅंटची कड बुटावरून खाली ओढून पट्टी अडकवायची आणि शेवटी उभे राहून पॅंट वर घ्यायची. बूट आधी घातले तर चिखलाचा तळवा पॅंटच्या आतून जातो आणि नंतर ती बाहेरून कोरडी, आतून लाल होते. कोटासाठी तिच्या बाईंनी सांगितलेली युक्ती फार उपयोगी पडली: कोट आतली बाजू वर करून जमिनीवर पसरायचा, गळ्याची बाजू आपल्या पायाशी येईल असे उभे राहायचे, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि कोट डोक्यावरून मागे टाकायचा. तिसऱ्या दिवशी ती हे माझ्याशिवाय करू लागली. चेन मात्र अडत होती, कारण तिचे टोक बारीक होते, म्हणून त्याला सुताच्या दोरीचा जाड फास बांधून दिला. टिचकीची बटणे मात्र मी मुद्दाम टाळली, कारण चार वर्षांच्या अंगठ्यात तेवढा जोर नसतो.

बुटाच्या मापाबाबत दुकानातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण ते प्रत्येक ठिकाणी वेगळे निघतात. संध्याकाळी भिंतीला टाच टेकवून तिला कागदावर उभे केले आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे माप घेतले, ते 16.4 सेंटिमीटर आले. त्यात सुमारे 1.2 सेंटिमीटर मिळवून 17.6 सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि दुकानात ती बुटाच्या तळाशी सरकवली. ती न वाकता सपाट बसली तो बूट आमचा. दोन वर्षे जावेत म्हणून मोठा बूट घेण्याचा मोह मीही एकदा पुरवला आहे, आणि जांभ्याच्या लाल चिखलाने तो बूट पायासकट धरून ठेवला तेव्हा पाय मोज्यासह बाहेर आला व मुलगी एका पायावर उभी राहून ओरडू लागली.

रेनसूटबद्दल सासूबाईंचे मत वेगळे होते. ‘इरल्यात आम्हाला कधी घाम आला नाही गो,’ त्या म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. बांबूच्या कामट्या आणि पानांचे ते इरले समोरून उघडे असायचे, वारा आत खेळायचा. आमच्या स्वस्त प्लास्टिकच्या सूटमध्ये वारा खेळत नाही, आणि घरी आलेल्या मुलीची पाठ ओली दिसली की आपण सूट गळतो असे ठरवून टाकतो. दोन्ही ओलाव्यांतला फरक अंगातल्या सदऱ्यावर दिसतो. घामाने पाठ आणि काखा सर्वत्र सारख्या दमट होतात. गळतीने शिवणीच्या रेषेवर, बुडाशी किंवा खांद्यावर पट्टा भिजतो. शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांगच, म्हणून आतून तिच्यावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असावी, किंवा शिवण्याऐवजी कापड तापवून जोडलेले असावे.

विकत घेतल्यावर मी एक परीक्षा घरी करते. पॅंट उलटी करते, म्हणजे बाहेरची बाजू आत जाते, ती बादलीवर झोळीसारखी धरून बुडाच्या भागात दोन तांबे पाणी ओतते, पाव तास ठेवते आणि मूठ घालून जोराने दाबते. ओल्या पायरीवर बसलेल्या मुलाचे वजन हेच काम करत असते. नुसत्या सरीत न गळणारी शिवण बसल्यावर गळते ती याच दाबामुळे. पहिल्या सूटच्या बैठकीच्या शिवणीतून बारीक मोती टपकले आणि तो दुकानदाराकडे परत गेला.

सूट घडी घालून पिशवीत ठेवू नये. मऊ, लेपाचे कापड दमट हवेत बंद राहिले की लेप चिकट होतो आणि कोंड्यासारखा सुटतो. आमच्याकडे दसऱ्यानंतर कपाटात टाकलेला एक कोट पुढच्या ज्येष्ठात उघडताना आतून फाटलाच. बूट चुलीजवळ वाळवत नाही, कारण उष्णतेने रबर कडक होऊन वाकण्याच्या जागी, चवड्यापाशी, चिरते. आतला सैल तळवा काढते, वर्तमानपत्राचे बोळे भरते, तासाभराने बदलते आणि मग बूट पडवीतल्या खुंट्यांवर उलटे अडकवते.

सासूबाईंनी विंचवाची धास्ती घातल्यापासून मुलगी प्रत्येक बूट घालण्याआधी पायरीवर दोनदा आपटते. परवा त्यातून एक छोटा बेडूक निघाला.