काचेवरची अक्षरं

आज मालवणात एका दुकानाच्या काचेवर 'सकाळी ९ ते १, सायंकाळी ४ ते ८' लावलं. दिवसा दुकान बाहेरून काळोखं दिसतं, म्हणून अक्षरांसाठी व्हिनाइलचा चिकट पातळ पत्रा पांढरा घेतला. खाऱ्या वाऱ्याने कडा सुटू नयेत म्हणून आरसाप्रतिमा कापून आतल्या बाजूने चिकटवलं.

देवनागरी कापण्याआधी शिरोरेषा, काना, मात्रा वेल्ड करायलाच हव्यात, म्हणजे डिझाइनमध्येच जोडून एकसंध आकार करायला हवा. नाहीतर ब्लेड प्रत्येक जोडावर चिरा देतं आणि सोलताना तुकडे निघतात. अनुस्वाराचं टिंब तर फार जपावं लागतं; ते बारीक असलं की आजूबाजूचं व्हिनाइल ओढताना तेही उचलून येतं. म्हणून ते थोडं मोठंच काढायचं.

पेमेंटचा क्यूआर मात्र कापायचा नाही. पांढऱ्यावर काळा छापायचा आणि चारही बाजूंना त्यातल्याच चार बारीक चौकोनांइतकी जागा कोरी सोडायची. तिथे चौकट किंवा लोगो घुसला की फोन स्कॅन करताना अडतो.